क्लायंटला मेल टाकण्याआधीची शेवटची तपासणी: आकडे, फायली, तारखा, नावं आणि पत्ते

मेल लिहून झाला की बहुतेक जण तो वरपासून खालपर्यंत एकदा वाचतात आणि पाठवून देतात. अशा वाचण्यात शुद्धलेखनाची चूक सापडते, पण 15,400 च्या जागी पडलेले 14,500 सापडत नाहीत. आपल्याला काय लिहायचं होतं ते डोक्यात पक्कं असतं, आणि डोळा तेच वाचून पुढे सरकतो. म्हणून शेवटची तपासणी म्हणजे मेल पुन्हा वाचणं नव्हे. त्यातली एकेक गोष्ट तिच्या मूळ कागदाशी ताडून पाहणं म्हणजे तपासणी. आकडा वजनाच्या वहीशी, तारीख कॅलेंडरशी, नाव समोरच्याच्या सहीशी.

हे सगळं एका उदाहरणावर पाहू, म्हणजे नुसत्या सूचना होणार नाहीत. समजा वाशीम जिल्ह्यात कारंजा लाडजवळ एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. ऑफिसात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दोन माणसं: मेल लिहिणारा पोरगा आणि हिशेब सांभाळणाऱ्या ताई. इंदूरच्या एका मसालावाल्याने 18 क्विंटल पॉलिश हळकुंडाचा भाव मागितला आहे. मंगळवारी, 10 मार्च 2026 ला त्याला दरपत्रक जायचं आहे. माल त्याचीच गाडी येऊन उचलणार. सोबत तीन फायली: दरपत्रक, लॅबचा रिपोर्ट आणि पोत्यांची यादी.

मेल लिहायला घेतानाच `To` ची जागा रिकामी ठेवा. पत्ता सर्वांत शेवटी. पत्ता नसलेला मेल चुकून बोट लागलं तरी जात नाही. आलेल्या मेलवर `Reply` करत असाल तर पत्ता आपोआप भरलेला असतो. तो तेवढ्यापुरता काढून टाका, शेवटी पुन्हा भरता येतो.

आकडे: इथे घाई नको

आकड्यांची तपासणी मेलपासून सुरू करू नका, मूळ कागदापासून करा. वही किंवा ठरावाचा कागद एकाने हातात धरायचा, दुसऱ्याने स्क्रीनवरचं वाचायचं. वाचताना एकेक अंक सुटा म्हणायचा, कारण मराठीत छत्तीस आणि अडतीस कानाला सारखेच लागतात. दुपारी कूलर घरघरत असेल तर बोलायलाच नको.

"ताई, पोती तीन-सहा."

"इथं यादीत तीन-आठ लिहिलंय ना."

आता कोणतं खरं ते वादाने ठरत नाही, गुणाकाराने ठरतं. पोतं 50 किलोचं. 36 पोती म्हणजे 1,800 किलो, म्हणजे 18 क्विंटल. 38 पोती धरली तर 19 क्विंटल होतात. मागणी 18 ची आहे, वहीतही 18 च आहेत, म्हणजे यादी चुकली. प्रत्येक दरपत्रकात असा एक आकडा शोधा जो दोन वाटांनी काढता येतो. पोती आणि वजन ही त्यातली सगळ्यात सोपी जोडी.

मग भाव. मेलच्या मजकुरात लिहिलं आहे 14,500 रुपये क्विंटल आणि दरपत्रकाच्या पीडीएफमध्ये 15,400. दोन्ही आकडे पटण्यासारखे दिसतात, म्हणूनच ही चूक घातक. इथे हिशेबनिसांची एक जुनी युक्ती कामी येते. दोन आकड्यांतला फरक काढा. तो 900 आहे, आणि 900 ला 9 ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरकाला नेहमी 9 ने भाग जातो. उलट बाजूने मात्र हा पक्का पुरावा नाही. भाग गेला म्हणजे अंकच फिरले असतील असं नव्हे. पण नजर कुठे टाकायची ते कळतं. वहीत 15,400 आहेत, तेव्हा मजकुरातला 4 आणि 5 जागा बदलून बसले आहेत. 18 क्विंटलवर हा फरक 16,200 रुपयांचा होतो, आणि खरेदीदार साहजिकच कमी असलेला भाव दाखवून तोच मागणार.

माझं मत विचाराल तर भाव मेलच्या मजकुरात लिहूच नये. मजकुरात "दरपत्रक जोडलं आहे" एवढंच पुरे. एकच आकडा दोन ठिकाणी लिहिला की तो दोन ठिकाणी बदलावा लागतो, आणि एक जागा हमखास राहून जाते.

बेरीज कॅल्क्युलेटरवर वेगळी करा, एक्सेलने काढलेली आहे म्हणून सोडू नका. मध्ये नवी ओळ घातली तर बेरजेचं सूत्र कधीकधी जुन्याच ओळींपुरतं राहतं. आपल्या उदाहरणात 18 गुणिले 15,400 म्हणजे 2,77,200. सुक्या हळदीवर जीएसटी 5 टक्के, म्हणजे 13,860. एकूण 2,91,060. हा आकडा जुळला तरी खाली अक्षरी रक्कम पाहाच. अक्षरी ओळ हाताने टाइप केलेली असते आणि मागच्या ग्राहकाची तशीच राहते. आकड्यात दोन लाख एक्क्याण्णव हजार साठ आणि अक्षरात भलतंच काही असेल, तर समोरचा अकाउंटंट तो कागद परत पाठवतो. त्यात दोन दिवस जातात.

कर बरोबर निघाला, पण तो कोणत्या नावाने दाखवला आहे? मागचं दरपत्रक नागपूरच्या ग्राहकाचं होतं. त्यात सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच टक्के अशा दोन ओळी होत्या. हा माल मध्य प्रदेशात चालला आहे, म्हणून इथे आयजीएसटी 5 टक्के अशी एकच ओळ हवी. बेरीज दोन्हीकडे सारखीच येते, त्यामुळे ही चूक आकड्यावरून कधीच दिसत नाही. ती ग्राहकाच्या जीएसटी नंबरावरून दिसते. हा नंबर 15 अक्षरांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र 27, मध्य प्रदेश 23. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. ग्राहकाचा नंबर 23 ने सुरू होत असेल आणि खाली एसजीएसटी दिसत असेल, तर फॉरमॅट जुनाच आहे, काही ना काही अजून राहिलं आहे असं समजा आणि सगळा कागद नव्याने पाहा.

शेवटी आपल्या बँकेचा तपशील. खाते क्रमांक पासबुकातून सुटा सुटा वाचायचा, आठवणीतून नाही. आयएफएससी कोड 11 अक्षरांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप झाला तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण पैसे अडकतात. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. 1 मे 2025 पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. ज्यांचं खातं तिथे होतं, त्यांच्या दरपत्रकाच्या खाली अजून जुनंच नाव आणि जुनाच कोड असू शकतो. शाखेत जाऊन आजचा कोड विचारून घ्या आणि मूळ फॉरमॅटच दुरुस्त करा, म्हणजे दर वेळी तपासत बसायला नको.

फायली: जोडल्या म्हणजे झालं असं नाही

जोडलेली फाइल तपासायची ती मेलच्या मसुद्यात जोडलेल्या जागीच क्लिक करून. फोल्डरमधून उघडून पाहण्यात अर्थ नाही. फोल्डरमध्ये `Darpatrak final`, `Darpatrak final 2` आणि `Darpatrak navin` अशा तीन फायली असतात. तुम्ही बरोबर असलेली उघडून समाधान मानता आणि मेलला दुसरीच लागलेली असते. प्रत्येक फाइल उघडली की तीन गोष्टी पाहा: वर ग्राहकाचं नाव कोणाचं आहे, तारीख कोणती आहे आणि शेवटचं पान आलं आहे का. मोबाइलवर स्कॅन केलेल्या लॅब रिपोर्टचं दुसरं पान राहून जाणं नेहमीचंच. बहुतेक वेळा सही आणि शिक्का त्या पानावरच असतो.

लॅब रिपोर्टवरचा लॉट क्रमांक पोत्यांच्या यादीतल्या लॉटशी जुळतो का हेही इथेच पाहून घ्या. रिपोर्ट खरा, माल खरा, पण दोघांचे लॉट वेगळे असतील तर खरेदीदाराला तो रिपोर्ट कामाचा नाही. शिवाय मनात शंका येते ती वेगळीच.

दरपत्रक एक्सेलमध्ये कधीच पाठवू नका. शेतकऱ्यांकडून कोणत्या भावाने माल घेतला तो खरेदीचा रकाना आपण लपवतो आणि समजतो की तो गेला. लपवलेला रकाना समोरचा माणूस दोन क्लिकमध्ये उघडतो. पीडीएफ करा, आणि ती पीडीएफही उघडून पाहा, कारण कागदाच्या रुंदीत न मावलेला शेवटचा रकाना पुष्कळदा दुसऱ्या पानावर जातो आणि नेमका तो एकूण रकमेचा असतो.

मराठी मजकूर असलेली वर्ड फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली असेल तर समोरच्याकडे तो फाँट नसला की तिथे निरर्थक अक्षरं दिसतात. तुमच्या स्क्रीनवर सगळं छान दिसतं, म्हणून तुम्हाला कळत नाही. पीडीएफ केली की बहुधा हा प्रश्न मिटतो. खात्री करायची तर ती आधी स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहा, तिथे तो फाँट नसतोच.

फाइलचं नाव असं ठेवा की दुसऱ्याच्या डाउनलोड फोल्डरमध्येही ती ओळखू यावी, उदाहरणार्थ `Haldi_Darpatrak_2026-03-10.pdf`. व्हॉट्सअॅपवरून उतरवलेली फाइल आकड्यांचं लांबलचक नाव घेऊन येते. ती तशीच पुढे ढकलू नका.

जीमेलमध्ये 25 एमबीपर्यंतच्या फायली जोडता येतात. त्याहून मोठी असेल तर तिची ड्राइव्हवरची लिंक जाते. मालाचा व्हिडिओ पाठवताना हे होतंच. लिंकची परवानगी `Restricted` असेल तर समोरच्याला फाइलऐवजी परवानगी मागायची पाटी दिसते. ती लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे आपल्या खात्याने लॉगिन न करता, उघडून पाहा. तिथे उघडली तर ग्राहकाकडेही उघडेल.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. `Reply` केलं की मागच्या मेलच्या फायली सोबत जात नाहीत, `Forward` केलं की सगळ्याच्या सगळ्या जातात. पहिल्यात फाइल राहून जाते, दुसऱ्यात नको ती जाते. फाइल जोडायची राहिली तर जीमेल कधीकधी आठवण करून देतं, पण ते मजकुरातले शब्द पाहून. मराठीत किंवा हिंदीत लिहिलेल्या मेलवर त्या आठवणीच्या भरवशावर राहू नका.

तारखा: सोबत वार लिहा

प्रत्येक महत्त्वाच्या तारखेसोबत वार लिहायची सवय लावा. वार हा तारखेचा पहारेकरी आहे. आपल्या मसुद्यात दरपत्रकाची मुदत लिहिली आहे: "गुरुवार, 20 मार्च". कॅलेंडर काढून पाहिलं तर 20 मार्च 2026 ला शुक्रवार आहे. गुरुवार होता तो 20 मार्च 2025 ला. म्हणजे ही ओळ गेल्या वर्षीच्या फाइलमधून आली. नुसती तारीख लिहिली असती तर हे कळलंच नसतं. वार चुकलेला दिसला की वर्षही सगळीकडे शोधा. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, फाइलच्या नावात आणि विषयाच्या ओळीतही.

महिना अक्षरात लिहा. 05/03/2026 म्हणजे आपल्यासाठी 5 मार्च. पण समोरच्याच्या कॉम्प्युटरची तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल तर तो त्याला 3 मे म्हणेल. "5 मार्च 2026" लिहिलं की प्रश्नच उरत नाही. तसंच "आठ दिवसांत" किंवा "पुढच्या आठवड्यात" हे बोलताना ठीक, मेलमध्ये नको. आठ दिवस कधीपासून मोजायचे? मेलच्या दिवसापासून, ऑर्डरच्या का अॅडव्हान्स आल्याच्या?

मग त्या दिवशी काम होणार आहे का ते पाहा. मसुद्यात गाडी भरायचा दिवस आहे गुरुवार, 19 मार्च. वार बरोबर आहे. पण त्या दिवशी पाडवा आहे. हमाल मिळणार नाहीत, वजनकाटाही बहुधा बंद. इंदूरहून आलेला ट्रक गोदामासमोर उभा राहील आणि त्याचं थांबून राहिल्याचं भाडं कोणी द्यायचं यावर भांडण होईल. तारीख सोमवार, 23 मार्च केली. पोळा आणि तान्हा पोळ्याच्या वेळीही असंच होतं, आणि बाहेरच्या खरेदीदाराच्या तर ते गावीही नसतं. मार्चअखेरीस बाजार समित्यांचे व्यवहार हिशेबासाठी काही दिवस थांबतात, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँकेच्या शाखा बंद असतात. मार्च 2026 मध्ये ते शनिवार 14 आणि 28 तारखेला येतात. ऑनलाइन पैसे सुट्टीच्या दिवशीही येतात, पण चेकवर काम असेल तर हे दोन दिवस सोडून तारीख द्या.

माणसांची आणि गावांची नावं

ग्राहकाचं नाव आठवून टाइप करू नका. त्याच्या आधीच्या मेलच्या खाली त्याने स्वतः जे स्पेलिंग लिहिलं आहे ते उचला. `Agrawal`, `Agarwal` आणि `Aggarwal` ही तिन्ही चालतात, पण त्या माणसाचं त्यातलं एकच असतं. आपल्याकडे वानखडे आणि वानखेडे यांचं तेच. उच्चारात निभावून जातं, इंग्रजीत `Wankhade` आणि `Wankhede` लिहिलं की माणूस दुखावतो. फर्मचं नाव मात्र सहीतून घेऊ नका. ते जीएसटीच्या नोंदणीवर जसं आहे तसंच दरपत्रकावर हवं. दुकानाच्या पाटीवरचं नाव आणि नोंदणीतलं नाव पुष्कळदा वेगळं असतं.

गावाच्या नावावर मात्र जरा थांबायला हवं, कारण गाडी येणार आहे. मेलमध्ये नुसतं "गोदाम, कारंजा" लिहिलं तर? एक कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, दुसरं कारंजा घाडगे वर्धा जिल्ह्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर. दोघांत शंभर किलोमीटरहून जास्त अंतर आहे. परराज्यातला ड्रायव्हर मोबाइलच्या नकाशात `Karanja` टाकणार आणि जे आधी दिसेल तिकडे निघणार. अमरावती जिल्ह्यात तर चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार एकाच जिल्ह्यात आहेत, तिथे जिल्ह्याचं नाव लिहूनही भागत नाही. पूर्ण नाव, तालुका, जिल्हा आणि पिन लिहा. वाशीमकडचा पिन 444 ने सुरू होतो, वर्ध्याकडचा 442 ने. त्याच्या जोडीला गोदामाच्या जागेची नकाशावरची लिंक द्या आणि ती लिंक एकदा स्वतः उघडून पाहा.

पत्ते: आता, सगळ्यात शेवटी

आता `To` भरा. दोन-तीन अक्षरं टाइप केली की मेल स्वतःच नाव सुचवतो, आणि सुचवलेलं पहिलं नाव हवं तेच असेल असं नाही. `agr` टाकल्यावर इंदूरचे अग्रवाल येतील किंवा अकोल्याचे. दोघंही हळद घेतात आणि दोघांना भाव वेगळा दिलेला आहे. नाव दिसलं म्हणून थांबू नका. त्यावर कर्सर न्या, मोबाइलवर असाल तर बोट लावा, आणि पूर्ण पत्ता `@` च्या पुढच्या भागासकट वाचा.

मग `Cc`. `Reply all` केलं असेल तर तिथे जुन्या साखळीतली सगळी मंडळी बसलेली असतात. मागच्या हंगामात सौदा दलालामार्फत झाला होता, त्याचा पत्ता तिथे आहे. या वेळी थेट व्यवहार आहे, आणि थेट दिलेला भाव त्याला कळायला नको. प्रत्येक नावापाशी एकच प्रश्न विचारा: या माणसाने हा आकडा पाहिलेला चालेल का? शंका आली तर नाव काढा. नंतर वेगळा मेल करता येतो, गेलेला परत घेता येत नाही. एकच भावपत्रक दहा व्यापाऱ्यांना टाकायचं असेल तर सगळ्यांचे पत्ते `Bcc` मध्ये घाला, नाहीतर प्रत्येकाला बाकीचे नऊ दिसतात.

मेलच्या तळाशी तीन टिंबांचं छोटं बटण असतं, त्यामागे जुना पत्रव्यवहार लपलेला असतो. ते उघडून पाहा. तिथे संचालकांशी झालेली चर्चा असेल, "15,000 पर्यंत खाली उतरू" असं वाक्य असेल, तर तुमचं दरपत्रक वाचायच्या आधी ते वाचलं जाईल. तिथला मजकूर पुसा, किंवा सरळ नवा मेल सुरू करा.

बटण दाबल्यानंतर

जीमेलमध्ये पाठवलेला मेल थांबवायला सुरुवातीला फक्त 5 सेकंद मिळतात. ही मुदत 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. कॉम्प्युटरवर `Settings`, मग `See all settings`, तिथे `General` मध्ये `Undo Send` शोधा, 30 निवडा आणि पानाच्या तळाशी `Save Changes` दाबा. शेवटचं बटण न दाबल्यामुळे पुष्कळांची सेटिंग तशीच राहते. या 30 सेकंदांत उठू नका, पत्ता आणि फाइल पुन्हा एकदा पाहा.

मग `Sent` उघडून मेल खरंच गेला का ते पाहा. लाइट गेली की वायफाय जातं, गावात मोबाइलला रेंज एखादीच कांडी असते, आणि मोठी फाइल असलेला मेल `Outbox` मध्ये पडून राहतो. मोबाइलवर त्यापुढे `Queued` असं दिसतं. आपण समजतो गेला, तिकडे तो रात्री रेंज आल्यावर पोचतो.

आणि चूक नंतर लक्षात आली तर? खाते क्रमांक किंवा आयएफएससी चुकला असेल तर आधी फोन, मेल मागाहून. बाकी चुकांसाठी त्याच साखळीत, त्याच सगळ्या पत्त्यांवर दुसरा मेल करा आणि विषयाच्या सुरुवातीला `Revised` लिहा. पहिल्याच ओळीत काय बदललं ते सांगा: "पोत्यांच्या यादीत 38 ऐवजी 36 पोती वाचावीत, आधीची यादी रद्द समजावी." नव्या फाइलच्या नावात `R1` घाला. जुन्याच नावाने पाठवली तर समोरच्याच्या फोल्डरमध्ये दोन सारख्या फायली होतात आणि गाडी भरायच्या दिवशी हमालाच्या हातात नेमकी जुनी यादी असते.